वहीतली उधारी: बुडालेली आणि बुडण्याजोगी



मार्च संपला की वर्षाचा नफा काढायची घाई सुरू होते. विक्रीचा आकडा वहीत असतो, खर्चाच्या पावत्या डब्यात असतात, एकातून दुसरं वजा केलं की नफा निघतो. पण त्या विक्रीतला एक भाग अजून हातात आलेला नसतो. तो गिऱ्हाइकांकडे उधार असतो. त्यातला काही येणार, काही उशिरा येणार आणि काही कधीच येणार नाही. आम्ही लहान उद्योगांच्या वह्या लिहितो, आणि आज त्या शेवटच्या भागाबद्दल बोलणार आहोत. जी उधारी बुडाली आहे आणि जी बुडेल अशी शंका आहे, ती वहीत कशी लिहायची?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आधी मनात पक्कं करू या. एक बुडालेलं येणं. ते आता मिळणार नाही हे आपल्याला कळलेलं असतं, कोणाकडचं आणि किती हेही माहीत असतं. ते त्या गिऱ्हाइकाच्या खात्यातून काढून टाकायचं. त्याला आपण निर्लेखन म्हणतो, बोलीत ‘बुडीत खाती टाकणं’. दुसरं शंकेतलं येणं. सगळ्या उधारीतून थोडं तरी बुडणार हे अनुभवाने माहीत असतं, पण नेमकं कोणाचं ते आज सांगता येत नाही. त्यामुळे कोणाचंच खातं बंद करायचं नाही. नफ्यातून एक रक्कम बाजूला धरायची. तिला म्हणायचं तरतूद. शाळा-कॉलेजच्या पुस्तकात तिला ‘संशयित बुडीत कर्ज निधी’ असं नाव असतं. त्या ‘निधी’ शब्दाने गोंधळ होतो. कोणाला वाटतं, तेवढे पैसे बँकेत वेगळे ठेवायचे. तसं नाही. ही डब्यात ठेवलेली रक्कम नाही, नफ्याच्या आकड्यातून केलेली वजावट आहे.

आता एक उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊ. समजा, पाच जणींनी भागीदारीत पापड-मसाल्याचा उद्योग चालवला आहे. वर्षाची विक्री सहा लाख. सगळे खर्च वजा करून नफा दिसतो ७८,००० रुपये. ३१ मार्चला गिऱ्हाइकांकडून येणं आहे ९०,००० रुपये. पाच जणींनी नफा सारखा वाटून घ्यायचं ठरवलं, तर प्रत्येकीला १५,६०० रुपये मिळतील. वाटणी करण्याआधी ती ९०,००० ची यादी उघडून बघू या.

यादी नुसती नावांची करून भागत नाही. प्रत्येक बिल किती दिवसांचं आहे ते लिहायचं. याला आम्ही उधारीची वयवारी म्हणतो. बिलाच्या तारखेपासून ३१ मार्चपर्यंतचे दिवस मोजायचे आणि चार रकाने करायचे: तीस दिवसांपर्यंतची बिलं, ३१ ते ९० दिवसांची, ९१ ते १८० दिवसांची, आणि त्याहून जुनी. आपल्या उदाहरणात पहिल्या रकान्यात ४०,००० आहेत, दुसऱ्यात २०,०००, तिसऱ्यात १२,००० आणि चौथ्यात १८,०००.

वयवारी करताना एक गोष्ट सांभाळा. गिऱ्हाइकाची एकूण बाकी बघून फसायला होतं. एखाद्या दुकानदाराकडे दर महिन्याला साधारण बारा हजार येणं दिसतं. तो माल नेतो, पैसे देतो, पुन्हा नेतो. खातं जिवंत दिसतं. पण बिलं एकेक करून जुळवली की कळतं, त्यातलं चार हजारांचं बिल मागच्या श्रावणातलं आहे. तो नव्या बिलांचे पैसे देतो आणि ते एक बिल तसंच ठेवतो. म्हणून पैसे आले की कोणत्या बिलापोटी आले हे त्याच दिवशी विचारून लिहायचं. नंतर कोणालाच आठवत नाही.

असं एक बिल मागे राहिलेलं दिसलं की आधी कारण विचारा. पुष्कळदा पापड ओले निघालेले असतात, त्याने ते परत केलेले असतात आणि आपल्या वहीत ते परत आलेले नसतात. ही बुडीत उधारी नव्हे. हा परत आलेला माल आहे, आणि तो ‘विक्री परत’ म्हणूनच लिहायचा. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांना तर हा फरक पैशांत मोजावा लागतो. माल परत आला तर ठरलेल्या मुदतीत जमाचिठ्ठी, म्हणजे क्रेडिट नोट, काढून त्यावरचा कर कमी करून घेता येतो. गिऱ्हाइकाने नुसते पैसे बुडवले तर आपण भरलेला जीएसटी परत मिळत नाही.

आता चौथ्या रकान्यातल्या १८,००० कडे वळू. त्यात दोनच नावं आहेत. पहिली एक खानावळ, ८,००० रुपये. ती सात महिन्यांपूर्वी बंद पडली. जागेला दुसरं दुकान आलं, मालक गाव सोडून गेला, फोन लागत नाही, घरी दोनदा जाऊन आलं तरी पत्ता मिळाला नाही. हे बुडालेलं येणं. दुसरं नाव एका जेवणावळीच्या कंत्राटदाराचं, १०,००० रुपये. तो गावातच आहे, धंदा चालू आहे, दर वेळी “लग्नसराई झाली की देतो” म्हणतो. हे बुडालेलं नाही. हे शंकेतलं आहे. दोघांनी पैसे दिलेले नाहीत, पण वहीत दोघांना वेगळी वागणूक मिळेल.

खानावळीचे ८,००० काढून टाकू. रोजकीर्दीत नोंद अशी: बुडीत येणे खाते नावे ८,०००, खानावळीचे खाते जमा ८,०००. खाली एका ओळीत कारण लिहायचं: खानावळ बंद, मालकाचा शोध लागला नाही, अमुक तारखेच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे. खानावळीची बाकी शून्य झाली आणि ८,००० वर्षाच्या खर्चात गेले.

‘बैठकीत ठरल्याप्रमाणे’ हे शब्द आम्ही मुद्दाम लिहायला सांगतो. वसुलीला जाणाऱ्या बाईनेच एकटीने बसून खातं बुडीत टाकायचं नाही. तिच्यावर अविश्वास दाखवायचा म्हणून हे नाही. वसूल झालेले पैसे स्वतःकडे ठेवून खातं बुडीत दाखवणं ही लहान धंद्यातली जुनी वाट आहे, आणि प्रामाणिक बाईवर उद्या तसा संशय येऊ नये म्हणून ती वाट बंद ठेवायची. बुडीत टाकण्याआधी वसुलीला न जाणाऱ्या दुसऱ्या कोणीतरी त्या गिऱ्हाइकाशी बोलावं किंवा त्याच्या पत्त्यावर बाकीची चिठ्ठी पाठवावी, काय उत्तर आलं ते बैठकीत सांगावं, आणि ठरावावर सगळ्यांच्या सह्या व्हाव्यात.

आता उरले ८२,०००. त्यातून किती बुडेल? याचं उत्तर कोणत्याही कायद्यात किंवा पुस्तकात नाही. ते आपल्याच जुन्या वह्यांत असतं. मागच्या तीन वर्षांच्या मार्चअखेरच्या याद्या काढा. प्रत्येक रकान्यात तेव्हा किती येणं होतं आणि त्यातलं पुढे कधीच आलं नाही ते किती, हे बघा. महिन्याच्या आतल्या बिलांतलं शंभरातलं दोन रुपयेच बुडालेलं दिसेल, आणि सहा महिन्यांवरच्या बिलांतलं निम्मंही. आपल्या उदाहरणातल्या पाच जणींनी आपल्या वह्यांवरून हे दर धरले: पहिल्या रकान्याला शेकडा २, दुसऱ्याला ५, तिसऱ्याला २५ आणि चौथ्याला ५०.

हिशेब करू. ४०,००० वर २ टक्के म्हणजे ८००. २०,००० वर ५ टक्के म्हणजे १,०००. १२,००० वर २५ टक्के म्हणजे ३,०००. आणि कंत्राटदाराच्या १०,००० वर ५० टक्के म्हणजे ५,०००. एकूण ९,८०० रुपये. नोंद: नफा-तोटा खाते नावे ९,८००, संशयित येण्यांची तरतूद खाते जमा ९,८००. इथे एकाही गिऱ्हाइकाच्या खात्याला हात लावलेला नाही. कंत्राटदाराच्या खात्यावर पूर्ण १०,००० तसेच आहेत, आणि मागायचेही पूर्ण दहा हजारच.

नफ्याचं काय झालं ते बघा. ७८,००० मधून ८,००० गेले, ९,८०० गेले, राहिले ६०,२००. ताळेबंदात येणं ८२,०००, त्यातून तरतूद ९,८०० वजा, म्हणजे ७२,२०० दिसेल. प्रत्येकीचा वाटा १५,६०० ऐवजी १२,०४० झाला. प्रत्येकी ३,५६० रुपये कमी, पाच जणींचे मिळून १७,८००. हे कोणाला आवडत नाही. बैठकीत “पैसे बुडायच्या आधीच का कापता?” असा प्रश्न येतोच, आणि प्रश्न रास्त आहे.

त्याचं उत्तर असं. नफा ७८,००० धरून वाटला, तर वाटणीचे पैसे येणार कुठून? येणं अजून हातात नाही. ते बँकेच्या कर्जखात्यातून निघतील किंवा उडदाच्या डाळीसाठी ठेवलेल्या रकमेतून. पुढच्या वर्षी खानावळीचे आणि कंत्राटदाराचे पैसे आले नाहीत की त्या वर्षीचा नफा तेवढ्याने कमी होईल. मधल्या काळात एक जण सोडून गेली आणि नवी आली, तर जुनी न मिळालेल्या नफ्याचा वाटा घेऊन गेली आणि नवीने न केलेल्या विक्रीचा तोटा सोसला. ज्या वर्षीच्या विक्रीने नफा वाढवला, त्याच विक्रीतून होणारी बूड त्याच वर्षी वजा व्हावी, एवढाच तरतुदीचा अर्थ आहे.

मैत्रिणींनो, पहिल्या वर्षी हे जमतं. चूक होते ती दुसऱ्या वर्षी. म्हणून आपलं उदाहरण एक वर्ष पुढे नेऊ.

लग्नसराई झाली. कंत्राटदाराने १०,००० पैकी ४,००० दिले आणि ऑगस्टमध्ये धंदा गुंडाळून निघून गेला. ६,००० बुडाले. बैठकीत ठराव झाला. हे ६,००० आता पुन्हा नफ्यातून कापायचे का? नाही. मागच्या मार्चला आपण याच कामासाठी ९,८०० कापलेले आहेत. म्हणून नोंद: बुडीत येणे खाते नावे ६,०००, कंत्राटदाराचे खाते जमा ६,०००. आणि वर्षअखेर बुडीत येणे खात्यावरचे हे ६,००० नफा-तोटा खात्याला न नेता तरतूद खात्याला नावे टाकायचे. बाकीच्या गिऱ्हाइकांनी जुनी बिलं चुकती केली असं समजू. तरतुदीत उरले ३,८००.

पुन्हा ३१ मार्च आला. नवी यादी केली, येणं ९५,००० निघालं. त्याच पद्धतीने रकाने पाडले आणि हव्या असलेल्या तरतुदीचा आकडा आला ७,५००. आता नफ्यातून किती कापायचे? ३,८०० तरतूद खात्यावर आधीच आहेत, म्हणून कापायचे फक्त ३,७००. इथेच वह्या बिघडतात. दर वर्षी नवा आकडा निघाला की पूर्ण ७,५०० कापले जातात, तरतूद साचत जाते आणि नफा विनाकारण कमी दिसतो. बिघाड ओळखायला सोपं आहे: मार्चअखेर तरतूद खात्यावरची बाकी आणि वयवारीच्या यादीखालचा आकडा सारखा आला पाहिजे. वेगळा आला तर नोंद चुकली. आणि यादीने फक्त ३,००० ची गरज दाखवली असती, तर जास्तीचे ८०० पुन्हा नफ्यात परत घ्यायचे.

कधी कधी बुडालेलं परतही येतं. समजा दिवाळीत खानावळीचा मालक गावी आला आणि त्याने ८,००० पैकी ३,००० हातात ठेवले. ते त्याच्या जुन्या खात्यावर जमा करू नका. ते खातं शून्य आहे. तिथे ३,००० जमा केले तर वही म्हणेल की आपणच त्याचे ३,००० देणं लागतो. नोंद अशी करा: रोख खाते नावे ३,०००, बुडीत येणे वसुली खाते जमा ३,०००. ही रक्कम त्या वर्षाच्या उत्पन्नात जाते.

आता आयकराबद्दल थोडं, कारण तिथे या दोन गोष्टींना वेगवेगळं मोजलं जातं. बुडीत टाकलेली रक्कम करासाठी खर्च म्हणून धरता येते. त्याला दोन अटी आहेत. ती विक्री याच किंवा आधीच्या कोणत्या तरी वर्षी उत्पन्नात धरलेली असली पाहिजे, आणि ती रक्कम त्या वर्षी वहीतून खरोखर काढून टाकलेली असली पाहिजे. पैसे नक्कीच बुडाले हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये टीआरएफ कंपनीच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. तरतुदीला मात्र आपल्यासारख्या साध्या धंद्यात ही सूट नाही. उदाहरणातल्या पहिल्या वर्षी वहीतला नफा ६०,२००, पण कर मोजताना तरतुदीचे ९,८०० परत मिळवून ७०,००० धरायचे. म्हणून दोन्ही रकमा एकाच खात्यात कोंबू नका. एकत्र लिहिल्या तर कर सल्लागाराला त्या वेगळ्या करता येत नाहीत, आणि हक्काची वजावटही अडचणीत येते.

हे सगळ्यांना लागू पडत नाही. ज्या फक्त रोख आलेलीच विक्री लिहितात, त्यांनी उधारी उत्पन्नात धरलेलीच नसते, म्हणून त्यांना बुडीतची वजावटही नाही. आणि ज्या विक्रीच्या ठरावीक टक्क्याने अंदाजे नफा दाखवून कर भरतात, त्यांना बुडीत उधारी वेगळी वजा करता येत नाही. पण वाटणीसाठी खरा नफा कळायला हवा असेल, तर त्यांनीही आपल्या वहीत हे लिहावं.

शेवटचा मुद्दा गैरसमजाचा. बुडीत टाकलं म्हणजे सोडून दिलं, असं नव्हे. ती आपल्या वहीतली आपली नोंद आहे, गिऱ्हाइकाला दिलेली माफी नाही. त्याचं देणं तसंच राहतं. म्हणून “तुमचं खातं मिटवलं” असं त्याला लिहून किंवा बोलून कळवू नका. बुडीत टाकलेल्या नावांची एक वेगळी वही ठेवा. त्यात रक्कम, बिलांच्या तारखा, पत्ता आणि ठरावाची तारीख लिहा, आणि वर्षातून दोनदा ती वाचा.

त्या वहीत आणखी एक तारीख लिहायची, मुदत संपण्याची. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करायला तीन वर्षं मिळतात. उधारीची मुदत ठरलेली असेल तर ती संपल्यापासून, नसेल तर माल दिल्यापासून. पण ही तीन वर्षं संपायच्या आत गिऱ्हाइकाने “इतके रुपये मी देणं लागतो” असं लिहून सही केली, तर त्या सहीच्या तारखेपासून नवी तीन वर्षं मोजली जातात. तोंडी “देतो, देतो” याला ही किंमत नाही. म्हणून कंत्राटदारासारखं गिऱ्हाईक समोर असताना, गोडीत असताना, दर मार्चला बाकीची चिठ्ठी पुढे करून सही घ्यावी. पुष्कळ जण सही करतात, कारण त्या क्षणी पैसे मागितलेले नसतात.

तर या मार्चला नफ्याचा आकडा बैठकीत सांगण्याआधी उधारीची यादी बिलांच्या तारखांसकट काढा. जी बुडाली ती ठराव करून बुडीत खाती टाका, जी शंकेतली आहे तिची आपल्या जुन्या वह्यांवरून तरतूद करा, आणि मग जो नफा उरेल तोच वाटा.